ऑस्ट्रेलियातील कॉफी आणि बार: कोणता कागद कायद्याला लागतो आणि कोणता मालकाला

महाराष्ट्रातून शिक्षणासाठी मेलबर्न किंवा सिडनीला येणारी बरीच मुले पहिल्या महिन्यातच एक प्रश्न विचारतात. कॅफेमध्ये काम मिळवायचे असेल तर बरिस्ताचा, म्हणजे यंत्रावर कॉफी बनवणाऱ्याचा, कोर्स करावा का, आणि केला तर त्या प्रमाणपत्राचा उपयोग किती? मी मेलबर्नमधल्या एका कॅफेत काउंटरच्या मागे अनेक वर्षे उभा राहिलो आहे, आणि गेली काही वर्षे नव्या उमेदवारांची चाचणी घेण्याचे कामही माझ्याकडे असते. त्या अनुभवावरून मला वाटते की हा प्रश्न दोन भागांत तोडला नाही तर त्याचे उत्तर नेहमी चुकते, कारण येथे ‘प्रमाणपत्र’ या एकाच शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली गोष्ट दारूशी संबंधित आहे. ऑस्ट्रेलियात जेथे मद्य विकले किंवा वाढले जाते, अशा बहुतेक ठिकाणी ते वाढणाऱ्या व्यक्तीने ‘रिस्पॉन्सिबल सर्व्हिस ऑफ अल्कोहोल’, म्हणजेच आरएसए, हे प्रशिक्षण घेतलेले असावे लागते. ही कायद्याची अट आहे, मालकाची आवड नव्हे. या प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाचा क्रमांक SITHFAB021 असा आहे. नियम मात्र राज्यागणिक बदलतात. न्यू साउथ वेल्समध्ये प्रशिक्षण संपल्यावर आधी ९० दिवस चालणारा तात्पुरता कागद मिळतो आणि नंतर ५ वर्षे चालणारे कार्ड घ्यावे लागते, तर व्हिक्टोरियात दर ३ वर्षांनी उजळणीचा कोर्स करावा लागतो. म्हणून आरएसए ज्या राज्यात काम करायचे त्याच राज्याच्या मान्यतेचे घ्यावे, आणि पुण्यात किंवा मुंबईत बसून कोणी ‘ऑस्ट्रेलियात चालणारे बारटेंडिंगचे प्रमाणपत्र’ देऊ करत असेल तर पैसे भरण्यापूर्वी ते आरएसए आहे का आणि कोणत्या राज्याचे आहे, हे विचारावे.

दुसरी गोष्ट कॉफीची. कॉफी बनवण्यासाठी कायदा बरिस्ताचे कोणतेही प्रमाणपत्र मागत नाही. SITHFAB025 या क्रमांकाचा, एस्प्रेसो कॉफी बनवून देण्याचा, राष्ट्रीय अभ्यासक्रम आहे, आणि त्याच्या आधी स्वच्छतेचा SITXFSA005 हा छोटा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. शासनमान्य संस्थेकडून हे दोन्ही केले की ‘स्टेटमेंट ऑफ अटेनमेंट’ नावाचा कागद हातात येतो. पण त्या कागदावर गुण नसतात. परीक्षेत उमेदवार ‘सक्षम’ किंवा ‘अजून सक्षम नाही’ एवढेच ठरते, आणि ‘सक्षम’ ठरलेल्या प्रत्येकाला तोच कागद मिळतो. ज्याने दीडशे कप स्वतःच्या हाताने बनवले आणि ज्याने जेमतेम पंधरा बनवले, त्या दोघांच्या हातातला कागद शब्दशः सारखाच असू शकतो. कॅफेमालकांना हे ठाऊक असते, आणि त्यामुळेच बारच्या मुलाखतीत पहिला प्रश्न ‘आरएसए आहे का?’ असा येतो, तर कॅफेच्या मुलाखतीत पहिला प्रश्न ‘उद्या सकाळी ट्रायलला येऊ शकाल का?’ असा येतो.

ट्रायल म्हणजे चाचणीची पाळी. कोर्स निवडायचा तर या चाचणीत नेमके काय पाहिले जाते ते आधी समजून घ्यावे लागते, म्हणून एक प्रसंग तपशिलाने सांगतो.

नाशिकहून आलेली एक विद्यार्थिनी आमच्याकडे चाचणीसाठी आली होती. तिने भारतातून निघण्यापूर्वी तीन तासांचा एक कोर्स केला होता आणि प्रमाणपत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट जपून आणले होते. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मी तिच्यासमोर एक डॉकेट, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, लावली. त्यावर दोन फ्लॅट व्हाइट, एक कॅपुचिनो आणि कमी स्निग्धांशाच्या दुधाची एक लाटे होती. आमच्याकडे एका मोठ्या बास्केटमध्ये, म्हणजे यंत्राला लावायच्या गाळणीत, २१ ग्रॅम पूड भरतात, सुमारे २८ सेकंदांत तिच्यातून ४० ग्रॅम कॉफी उतरवतात आणि दोन तोट्यांमधून ती दोन कपांत वाटतात. म्हणजे चार कपांसाठी दोन बास्केट पुरतात. तीन कपांना साधे दूध हवे होते, तेव्हा ते एक लिटरच्या एकाच जगात साधारण ४५० मिलिलिटर घेऊन तापवायचे आणि लाटेचे दूध वेगळ्या छोट्या जगात घ्यायचे. कॉफी उतरत असतानाच दूध तापायला हवे, कारण उतरलेली कॉफी दुधाची वाट पाहत राहिली की तिच्यावरची तपकिरी साय विरते. दूध तयार झाल्यावर फेस जगात वर येतो, म्हणून जास्त फेसाचा कॅपुचिनो आधी ओतायचा आणि फ्लॅट व्हाइट नंतर.

तिचे दूध चांगले झाले. सुरुवातीचे काही सेकंद कागद हळू फाडल्यासारखा आवाज आला, मग वाफेची नळी थोडी खाली गेली आणि दूध आवाज न करता गोल फिरू लागले. साठ ते पासष्ट अंशांच्या आसपास तिने वाफ बंद केली, आणि फेसात मोठे बुडबुडे नव्हते. अडचण कॉफीत होती. त्या सकाळी ग्राइंडरमध्ये दाण्यांची नवी पिशवी ओतली होती आणि कॉफी २८ ऐवजी १९ सेकंदांतच उतरत होती. तिच्या समोरच्या धारेचा रंग लवकर फिकट झाला, तरी तिने ते कप पुढे सरकवले. मी एक कप बाजूला घेऊन तिला चाखायला सांगितले.

“आंबट लागतेय दादा,” ती म्हणाली. “पण कोर्समध्ये ग्राइंडरला हात लावू दिला नव्हता. सर आधीच सेट करून ठेवायचे.”

या एका वाक्यात त्या कोर्सचा सगळा उणेपणा येतो. कॉफीचे दाणे भाजून किती दिवस झाले, हवेत दमटपणा किती आहे, पिशवी नवी उघडली की जुनी, यावर पाणी पुडीतून किती वेगाने जाईल ते ठरते, आणि म्हणून ग्राइंडर रोज सकाळी, कधी कधी दिवसातून तीन-चार वेळा जुळवावा लागतो. तो ज्याने एकदाही जुळवला नाही, तो कॉफी तेव्हाच बनवू शकतो जेव्हा दुसऱ्या कोणीतरी तिची तयारी करून ठेवलेली असते. गर्दीच्या वेळी मालकाला नेमका असा माणूस परवडत नाही, कारण मग यंत्रापाशी दोन माणसे अडकतात.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून जे केले ते कोणत्याही चांगल्या कोर्सने पहिल्याच दिवशी शिकवायला हवे. आधी पुडीचे वजन पाहिले, कारण चुकून १९ ग्रॅमच पडली असती तरी कॉफी भरभर उतरली असती. वजन बरोबर २१ ग्रॅम निघाले. मग दोन्ही तोट्यांतून धार एकाच वेळी आणि सारखी येते का ते पाहिले. एका तोटीतून ती आधी आली असती, तर पूड नीट पसरली नाही किंवा दाबताना हात तिरका झाला, असे मानावे लागले असते. धार सारखीच होती. तेव्हा दोष दळण्यातच होता. दळण एक घर बारीक केले, दात्यांमध्ये अडकून राहिलेली जुनी पूड थोडी दळून टाकून दिली आणि पुन्हा कॉफी उतरवली. २४ सेकंद लागले. आणखी किंचित बारीक केल्यावर २८ सेकंद आले, धार मधासारखी घट्ट झाली आणि आंबटपणा गेला. या जुळवाजुळवीत दोन बास्केटची पूड, म्हणजे ४२ ग्रॅम, वाया गेली. त्याचे कोणत्याही समजूतदार मालकाला काही वाटत नाही. चार आंबट कप गिऱ्हाइकांच्या टेबलावर गेल्याचे मात्र वाटते.

चाचणीत आणखीही बारीकसारीक गोष्टी पाहिल्या जातात. दूध तापवण्याआधी आणि नंतर नळीतली वाफ सोडली का, नळी लगेच ओल्या फडक्याने पुसली का, जगात उरलेले दूध पुन्हा तापवायला घेतले का, आणि तीन चिठ्ठ्या एकदम लागल्यावर सारख्या दुधाचे कप एकत्र करण्याचे डोके चालते का, हे पाहिले जाते. कपावर काढलेले पान किंवा हृदय सुंदर दिसते आणि मलाही ते आवडते, पण नोकरी त्यावर मिळत नाही. कपाचा फोटो घेऊन चाचणीला येणाऱ्यांना मी हेच सांगतो की त्या फोटोतून कॉफीची चव आणि लागलेला वेळ दिसत नाही.

आता कोर्स कसा निवडावा याकडे वळू. संस्थेचे नाव, भिंतीवरचे फोटो किंवा प्रमाणपत्राची जाडी यांपेक्षा एका साध्या गणिताने पुष्कळ कळते. समजा, कोर्स चार तासांचा आहे, वर्गात आठ जण आहेत आणि दोन यंत्रे आहेत. एका यंत्रावर एका वेळी दोघे काम करू शकतात. पहिला तास बोलण्यात आणि प्रात्यक्षिक दाखवण्यात गेला असे धरले, तर उरलेल्या तीन तासांत चार जण एका वेळी यंत्रापाशी आणि चार जण बाजूला उभे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दीड तास येतो. नवख्या माणसाला एका कपाला पाच मिनिटे लागतात असे धरले तर अठरा कप होतात. तेच बारा जण आणि एक यंत्र असेल, तर प्रत्येकाला जेमतेम अर्धा तास आणि सहा कप मिळतात. दोन्ही कोर्सांच्या जाहिरातीत ‘चार तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण’ असेच लिहिलेले असते. सहा कपांत दुधाचा आवाज कानात बसत नाही. अठरा कपांत बसायला लागतो, एवढेच म्हणता येईल.

म्हणून फोनवर किंवा इमेलने पहिला प्रश्न ‘फी किती’ असा न विचारता, ‘एका यंत्रामागे किती जण आणि प्रत्येक जण स्वतः किती कप बनवतो’ असा विचारावा. दुसरा प्रश्न अर्थात ग्राइंडरचा. विद्यार्थी स्वतः दळण बदलतात का, आणि प्रशिक्षक मुद्दाम ते बिघडवून दुरुस्त करायला लावतात का, हे विचारले की समोरची व्यक्ती किती खरे शिकवते ते तिच्या उत्तराच्या पहिल्या दोन वाक्यांत समजते. तिसरा प्रश्न दुधाचा. काही ठिकाणी सरावासाठी पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून फेस करायला शिकवतात. हात बसवायला ती युक्ती वाईट नाही आणि घरी सराव करणाऱ्याला मी स्वतः ती सुचवतो, पण पूर्ण कोर्स त्यावर चालत असेल तर दूध सत्तर अंशांपलीकडे गेल्यावर त्याची चव कशी बिघडते, ओटचे दूध साध्या दुधाहून कसे वेगळे वागते, हे कधी कळणारच नाही.

शासनमान्यतेचे एवढे महत्त्व नसेल तर ती बघूच नये का? असे नाही. मोठी हॉटेले, विमानतळावरचे ठेकेदार, रुग्णालयांमधली उपाहारगृहे अशा ठिकाणी अर्ज आधी एखाद्या कार्यालयातली व्यक्ती चाळते, ती कॉफी चाखत नाही, आणि तिच्यासमोर SITHFAB025 किंवा SITXFSA005 असलेला अर्ज वरच्या गठ्ठ्यात जातो. तेथे जायचे असेल तर शासनमान्य संस्थेतच शिकावे. संस्थेचे नाव आणि तिला कोणता अभ्यासक्रम शिकवण्याची परवानगी आहे, हे training.gov.au या शासकीय संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. उलट, गल्लीतल्या वीस खुर्च्यांच्या कॅफेत जायचे असेल, तर एखाद्या कॉफी भाजणाऱ्या कंपनीने चालवलेला, कोणताही राष्ट्रीय क्रमांक नसलेला, पण चार जणांच्या वर्गात ग्राइंडर उघडून शिकवणारा कोर्स मी अधिक मोलाचा मानतो. या दोघांत ‘चांगले’ काय ते आपण कोठे अर्ज करणार आहोत त्यावरच ठरते.

भारतातून येण्याआधी कोर्स करावा का, हेही पुष्कळ जण विचारतात. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनचे बरिस्ता कौशल्याचे अभ्यासक्रम भारतातही शिकवले जातात. त्यांचे फाउंडेशन, इंटरमीजिएट आणि प्रोफेशनल असे तीन टप्पे आहेत आणि ही नावे येथील कॉफीवाल्यांच्या ओळखीची आहेत. ज्याला कॉफी मनापासून शिकायची आहे त्याने ते जरूर करावेत. पण ज्याला फक्त शिकता शिकता खर्च भागवण्यापुरते काम हवे आहे, त्याने फाउंडेशनच्या फीएवढ्या पैशांत एखाद्या ओळखीच्या कॅफेत महिनाभर सकाळी उभे राहण्याची सोय होते का ते आधी पाहावे. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येते, त्यामुळे इकडे आल्यावर हात बसवायला मिळणारा वेळ मुळातच थोडा असतो, आणि जो सराव करून येतो त्याला पहिल्याच चाचणीत फरक जाणवतो.

बारच्या बाजूला चित्र थोडे वेगळे आहे. आरएसए नसेल तर दार उघडत नाही, पण आरएसए असणे म्हणजे बारटेंडर होणे नव्हे. त्या प्रशिक्षणात कॉकटेल शिकवत नाहीत. नशेत असलेल्या गिऱ्हाइकाला ओळखावे कसे, त्याला नकार कसा द्यावा, वय तपासताना ओळखपत्र कसे पाहावे, आणि ‘स्टँडर्ड ड्रिंक’ म्हणजे काय, हे शिकवतात. ऑस्ट्रेलियात एक स्टँडर्ड ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. चाळीस टक्क्यांच्या व्हिस्कीचे ३० मिलिलिटरचे एक माप जवळपास तेवढे भरते. पण १३ टक्क्यांची वाइन बारमध्ये सहसा १५० मिलिलिटर ओततात, आणि त्या एका ग्लासात दीड स्टँडर्ड ड्रिंक असते. ‘मी दोनच ग्लास घेतले’ असे म्हणणाऱ्याने तीन घेतलेले असतात. हा हिशोब काउंटरच्या मागे रोज लागतो, आणि नवीन माणसाला तो आला की व्यवस्थापकाचा त्याच्यावर विश्वास बसतो.

कॉकटेलच्या कोर्सबद्दल माझे मत सावध आहे. एका आठवड्यात साठ पेयांची नावे पाठ करवणारे वर्ग आहेत, पण नव्या माणसाला बारमध्ये आधी रिकामे ग्लास गोळा करण्याचे आणि बर्फ, लिंबू, बाटल्या भरून ठेवण्याचे काम मिळते, आणि तेथून तो पुढे सरकतो. कोर्स करायचाच असेल तर तेथे एकेका पेयापेक्षा पूर्ण ऑर्डर एकत्र बनवायला लावतात का, हे विचारावे. समजा, दोन बिअर, एक जिन-टॉनिक आणि एक एस्प्रेसो मार्टिनी अशी ऑर्डर आली. जो बिअरपासून सुरुवात करतो त्याच्या बिअरचा फेस मार्टिनी हलवून होईपर्यंत बसून जातो. म्हणून आधी एस्प्रेसो उतरायला लावायची, ती उतरेपर्यंत जिन मोजून ग्लासात घ्यायची, मग मार्टिनी हलवून ओतायची आणि बिअर सगळ्यांत शेवटी भरायची. आणि मोजण्याचे माप न वापरता डोळ्यांच्या अंदाजाने ओतायला शिकवत असतील, तर तो कोर्स घेऊ नये, कारण प्रत्येक पेयात पाच मिलिलिटर जास्त गेले तर रात्रीच्या दोनशे पेयांत एक पूर्ण लिटर दारू हिशोबाबाहेर जाते. मालकाला ती तूट बाटल्यांच्या मोजणीत लगेच दिसते.

चाचणीबद्दल एक गोष्ट कायद्याची आहे आणि ती आपल्या मुलांना पुष्कळदा माहीत नसते. ऑस्ट्रेलियात बिनपगारी चाचणी फक्त कौशल्य दाखवण्यापुरती, त्याला जेवढा वेळ खरोखर लागतो तेवढीच, आणि कोणाच्या तरी थेट देखरेखीखाली घेता येते. तास-दोन तासांत कॉफी बनवता येते की नाही ते कळते, आणि एक पूर्ण पाळी ही त्याची बाहेरची मर्यादा मानली जाते. ‘आठवडाभर ये, मग बघू’ असे कोणी म्हणाले, किंवा चाचणीच्या नावाखाली एकट्याला काउंटर सांभाळायला लावले, तर त्या वेळेचा पगार द्यावा लागतो. याबाबतची तक्रार फेअर वर्क ओम्बड्समन या कामगारांच्या हक्कांसाठी असलेल्या सरकारी कार्यालयाकडे करता येते, आणि विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनाही हा हक्क सारखाच आहे.

अर्ज लिहिताना ‘प्रमाणित बरिस्ता’ एवढेच लिहू नये. कोणत्या बनावटीच्या यंत्रावर काम केले, ग्राइंडर स्वतः जुळवता येतो का, गर्दीच्या तासाला साधारण किती कप होतात, आठवड्यात कोणत्या सकाळी मोकळे आहोत, हे चार ओळींत लिहावे. मालक पहिल्यांदा वाचतो ती शेवटची ओळ, कारण त्याला आज एखाद्या ठरावीक सकाळीच माणूस कमी पडत असतो. नाशिकच्या त्या मुलीने नंतर एका कॉफी भाजणाऱ्या कंपनीकडे चार जणांच्या वर्गात दोन शनिवार काढले, आणि पुन्हा आली तेव्हा फोल्डर आणला नव्हता. आल्या आल्या तिने ग्राइंडरमधून एक डोस दळला, वजन केले, कॉफी उतरवली आणि चमच्याने चाखून पाहिली. आणि हो, अर्ज द्यायला जायचे असेल तर सकाळी आठ वाजता जाऊ नये. दुपारी दोनच्या पुढे, जेवणाची गर्दी ओसरून यंत्र धुवायला घेण्याच्या आधी जावे, एक कॉफी विकत घ्यावी आणि मग विचारावे.